चित्रांचं वेळापत्रक: बालवर्गातल्या तक्त्याच्या नोंदी

४ जुलै

वर्गात साडेतीन ते पाच वर्षांची चौदा मुलं, मी आणि एक मदतनीस ताई. एकदा काम सुरू झालं की बहुतेक मुलं रमतात. त्रास होतो तो एक काम सोडून दुसऱ्याकडे जाताना. म्हणून दिवसाची कामं क्रमाने चित्रांत दाखवणारा तक्ता करायचं ठरवलं. तो करायला घेण्याआधी आठवडाभर नुसतं घड्याळाकडे लक्ष ठेवलं. ‘चला, आवरा’ म्हटल्यापासून शेवटचं मूल पुढच्या जागी पोहोचेपर्यंत किती वेळ जातो, एवढंच लिहून ठेवायचं. सगळे गोल करून बसतो तिथून टेबलाकडे दोनेक मिनिटं. मैदानावरून आत यायला पाच-सहा. ठोकळे सोडून हात धुवायला जायला मात्र दहा मिनिटांच्या खाली कधीच नाही, आणि त्या दहा मिनिटांत रडणं, ढकलाढकली, टेबलाखाली जाऊन बसणं, सगळंच आलं.

हा आकडा आधी घेऊन ठेवा. नंतर तक्ता लागला की भिंत छान दिसते, आणि छान दिसतंय म्हणजे उपयोग होतोय असं वाटायला लागतं.

त्यातलं एक मूल सोयीसाठी या नोंदींत ‘ठोकळेवाला’. वय चार, बोलतो भरपूर, ऐकूही नीट येतं. पण ठोकळ्यांवरून उठवणं म्हणजे रोजची लढाई.

७ जुलै

दिवसाचे टप्पे मांडले: दप्तर ठेवणे, गोल, ठोकळे, हात धुणे, खाऊ, मैदान, टेबलकाम, गोष्ट, घरी. नऊ झाले. आवराआवर हा वेगळा टप्पा धरायचा की नाही यावर ताईंशी बराच वेळ बोलणं झालं. शेवटी धरला नाही. ते ठोकळ्यांचंच शेपूट आहे असं तेव्हा वाटलं. (हे पुढे बदललं.)

चित्रं कसली घ्यायची? रेघांची सोपी चित्रं फुकट मिळतात. स्पेनमधल्या आरागॉन प्रांताच्या सरकारचा ‘आरासाक’ नावाचा मोठा चित्रसंग्रह आहे. श्रेय दिलं आणि धंद्यासाठी वापरली नाहीत तर ती चित्रं घेता येतात. पण आमच्यातल्या लहान मुलांना रेघांच्या चित्रातले ‘हात धुणे’ आणि ‘नळ’ वेगळे कळेनात. म्हणून आपल्याच वर्गाचे फोटो काढायचं ठरलं.

१० जुलै

फोटोंची पहिली खेप बाद. कारणं लिहून ठेवते, कारण ती आधी लक्षात येत नाहीत.

गोलाच्या फोटोत मुलं बसलेली होती. कार्ड दाखवून ‘आता काय?’ विचारलं की उत्तर यायचं ‘हा मी’, ‘ही ती’. फोटोत नसलेल्या मुलीला तर तो गोल आपला वाटेचना. दुसरं, फोटो मी उभी राहून काढले होते. माझ्या उंचीवरून टेबलाचा वरचा भाग दिसतो; मुलांना ते टेबल कधी तसं दिसतच नाही. आणि तिसरं सगळ्यात त्रासदायक: टेबलकाम आणि खाऊ एकाच टेबलावर होतात, त्यामुळे दोन्ही कार्डं जवळजवळ सारखी.

आता नियम असा केला. ज्या कामाची जागा ठरलेली आहे त्याच्या कार्डावर जागा, तीही रिकामी, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवरून टिपलेली. मी गुडघ्यांवर बसून काढले. ज्याची जागा दुसऱ्या कामाशी वाटून घेतलेली आहे त्याच्या कार्डावर वस्तू: टेबलकामाला खडूंचा डबा, खाऊला उघडा डबा. मागे पांढरा कागद धरला, म्हणजे कपाट आणि दप्तरं फोटोत येत नाहीत.

१४ जुलै

कार्डं तयार झाली. दहा सेंटिमीटरचे चौकोन. लॅमिनेशनच्या दोन गोष्टी. छापलेलं लगेच मशिनमध्ये घालू नका, शाई पुरती वाळू द्या. आमची दोन कार्डं आतून पसरली. आणि कागद आधी कापा, मग लॅमिनेट करा, मग चारी बाजूंनी चारेक मिलिमीटर पारदर्शक कड सोडून पुन्हा कापा. मोठ्या पानावर लॅमिनेट करून कागदाच्या कडेलाच कात्री चालवली, की प्लास्टिकचे दोन्ही थर एकमेकांना कुठेच चिकटलेले राहत नाहीत. ओल्या हातांनी धरलेल्या कार्डात पाणी शिरतं आणि ते सुटतं. हात धुण्याचं कार्ड तर रोज ओल्या हातात असणार. कोपरे गोल केले, टोकदार प्लास्टिक गालाला लागतं.

चकचकीत पाऊच घेतले होते. खिडकीसमोरच्या भिंतीवर मुलांच्या उंचीवरून सगळी कार्डं नुसती पांढरी चमकतात. मला वरून अगदी स्वच्छ दिसत होती. पुढच्या संचाला मॅट.

वेल्क्रोची मऊ बाजू कार्डाला, खरखरीत बाजू पट्टीला. उलटंही चालतं, पण एकदा ठरवलं की वर्गातल्या प्रत्येक वस्तूला तेच ठेवायचं, नाहीतर नवी पट्टी केली की कार्ड तिच्यावर बसत नाही.

१८ जुलै

तक्ता लागला. सनबोर्डची उभी पट्टी, वरून खाली. नऊ कार्डं एकाखाली एक लावली तर सगळ्यात वरचं कार्ड मुलांच्या हाताला येत नाही आणि सगळ्यात खालचं जमिनीला टेकतं. दोन रांगा करून पाहिल्या; पहिली रांग संपल्यावर दुसरीच्या वर जायचं हे निम्म्या मुलांना उमगलं नाही. म्हणून एका वेळी पाचच कार्डं, गोलापासून मैदानापर्यंतची. तक्त्याची खालची कड जमिनीपासून साठ सेंटिमीटर, वरची एकशे दहाच्या आत. बाहेरून आत आलो की पुढची तीन लावायची.

काम संपलं की त्याचं कार्ड काढून खालच्या ‘झालं’ पिशवीत टाकायचं. कापडी, उघड्या तोंडाची पिशवी.

२३ जुलै

वेळ मोजला. ठोकळ्यांवरून हात धुवायला: अजून आठ-नऊ मिनिटं. म्हणजे फरक नाहीच म्हणा.

काय होतंय ते पाहायला एक दिवस ताईंनी वर्ग घेतला आणि मी कोपऱ्यात बसले. ताई तक्त्यापाशी उभ्या राहून कार्ड दाखवून म्हणतात, ‘बघा, आता काय? हात धुणे!’ मुलं मान वर करून बघतात, परत ठोकळ्यांत. ताई पुन्हा म्हणतात, आवाज थोडा मोठा. मग जाऊन एकेकाला हाताला धरून उठवतात. म्हणजे तक्ता नव्हता तेव्हा जे चालायचं तेच, फक्त मागे चित्रं. मुलांच्या दृष्टीने बदल सांगणारी गोष्ट अजूनही ताईंचा आवाजच होता, आणि तो आवाज चार-पाचदा आल्याशिवाय उठायचं नसतं हे ती केव्हाच शिकलेली होती.

२५ जुलै

हा सगळ्या कामातला कळीचा बदल. कार्डांच्या प्रती काढल्या, आणि प्रत्येक जागेवर त्या जागेचं तेच चित्र असलेला मोठा चौकोन लावला, खाली एक डबा. आता सूचना एकच: घंटी एकदा वाजते, कुणीही काही बोलत नाही, आणि प्रत्येक मुलाच्या हातात पुढच्या कामाचं कार्ड दिलं जातं. ते घेऊन चालत जायचं, तिथल्या चित्राशी जुळवायचं, डब्यात टाकायचं.

हातात कार्ड असलं की वाटेत मूल विसरत नाही. आमची खोली मोठी नाही, तरी ठोकळ्यांपासून नळापर्यंतच्या वाटेत खेळण्यातली स्वयंपाकघराची मांडणी आहे, खिडकी आहे. ‘हात धुवायला जा’ हे शब्द खिडकीपाशी पोहोचेपर्यंत विरून जातात; कार्ड तिथेही हातातच असतं.

आणि मदत करायची ती मागून. मूल थांबलं तर खांद्याला मागून हलकेच वळवायचं किंवा कार्डाकडे बोट करायचं. बोलायचं नाही. बोलणं मागे घेणं फार अवघड असतं. मूल त्या बोलण्याचीच वाट बघत बसतं. मागून दिलेला स्पर्श दोन-तीन दिवसांत कमी करत नेता येतो. हे मला पटलं होतं, पण ताईंना आणि मलाही गप्प राहायला जमेना. शेवटी ताईंनी स्वतःसाठी तक्त्यावर एक कागद चिकटवला: ‘मोजा दहा’. घंटीनंतर मनात दहा मोजायचे आणि मगच हलायचं.

१ ऑगस्ट

मैदानावरून आत यायला आता तीन मिनिटं. गोलातून टेबलाकडे तर आम्ही बघतही नाही. ठोकळ्यांवरून सहा-सात, आणि ते सगळे एकट्या ठोकळेवाल्याचे. बाकीचे नळापाशी थांबून कंटाळतात, मग तिथे वेगळी भांडणं.

नळ दोन, मुलं चौदा. ही रांग कुठल्याच चित्राने छोटी होणार नाही. म्हणून दिवसातली अदलाबदल थोडी कमी केली: खाऊ ठरावीक वेळी सगळ्यांनी एकत्र खाण्याऐवजी त्या अर्ध्या तासात दोघं-तिघं करून हात धुतात आणि येऊन बसतात, बाकीचे ठोकळ्यांवर. तक्ता बनवताना टप्पे लिहून काढले म्हणून हे दिसलं. मुलाला रिकामं थांबायला लावणारा टप्पा आधी काढून टाकावा, त्यासाठी कार्ड शोधत बसू नये.

५ ऑगस्ट

‘झालं’ पिशवी रिकामी करताना ठोकळ्यांचं कार्ड सापडलं नाही. ते परत तक्त्यावर होतं, खाऊच्या खाली. ठोकळेवाल्याने पिशवीतून काढून लावलं होतं आणि शांतपणे तिथे उभा होता. ताई हसल्या, मलाही क्षणभर कौतुकच वाटलं. त्याने तक्ता पुरता समजून घेतला होता: जे तक्त्यावर असतं ते होतं, मग मला हवं ते मी लावतो.

पण हे चालू दिलं तर तक्त्याचा अर्थच राहत नाही. दोन गोष्टी केल्या. पिशवीऐवजी पत्रपेटीसारखी अरुंद फटीची बंद पेटी. कार्ड आत जातं, बाहेर येत नाही. आणि दुपारच्या तीन कार्डांत एक रिकामी चौकट ‘निवड’ म्हणून ठेवली, ज्यात मूल दोन कार्डांतलं एक लावू शकतं. त्यात ठोकळे असतात. नुसती पेटी बंद केली असती तर त्याची मागणी पुन्हा रडण्याच्या वाटेने आली असती. आता ती मागायला एक जागा आहे, फक्त दिवसातली ठरलेली.

११ ऑगस्ट

ठोकळेवाला अजून अडतो. आज त्याच्या शेजारी शेवटची पंधरा मिनिटं खाली बसून राहिले. काहीतरी लांबलचक बांधत होता, दोन बाजूंनी उतार, मध्ये एक उभा ठोकळा, त्याच्यावर आडवा. घंटी वाजली. त्याने कार्ड घेतलं, उठला, दोन पावलं गेला. शेजारच्या मुलीने आवराआवरीसाठी उताराचा पहिला ठोकळा उचलला. तो तिथेच मागे वळला आणि ओरडायला लागला.

म्हणजे जाण्याला त्याची हरकतच नव्हती. निघालो की बांधलेलं मोडतं, ही हरकत होती. इतके दिवस आम्ही त्याला ‘पुढे काय’ हे दाखवत होतो, आणि त्याचा प्रश्न ‘मागे राहिलेल्याचं काय’ हा होता. त्यावर तक्ता काहीच बोलत नव्हता.

१२ ऑगस्ट

नवं कार्ड: ‘ठेवा’. पिवळी कड, मध्ये दोरीने आखलेल्या गोलात ठोकळे. घंटीनंतर ज्याला आपलं बांधकाम ठेवायचं असेल त्याने हे कार्ड त्याच्यापाशी उभं करायचं. त्याला घरी जायच्या वेळेपर्यंत कुणी हात लावत नाही. अशी तीनच कार्डं आहेत, कारण जमीन तेवढीच आहे. शिवाय ‘आवरा’ हेही आता स्वतंत्र कार्ड झालं, ठोकळे आणि हात धुणे यांच्या मध्ये. काम थांबवणं आणि वस्तू जागेवर ठेवणं ही मुलासाठी दोन वेगळी कामं आहेत; एका घंटीत दोन्ही मागितली की पहिलंच अडतं.

आज त्याने कार्ड उभं केलं, दोनदा सरळ केलं आणि गेला. मागे वळून तीनदा पाहिलं. कुणी मोडलं नव्हतं.

दुपारी घरी निघताना त्यानेच ते मोडून खोक्यात भरलं. ही अट पहिल्या दिवसापासून ठेवा. नाहीतर चौथ्या दिवशी खोलीत पाय ठेवायला जागा राहत नाही.

२० ऑगस्ट

पाऊस. मैदान रद्द. ‘बदल’ कार्ड काढलं: मोठा नारिंगी त्रिकोण, मैदानाच्या कार्डावर बसणारा. तिघं रडली, एकाने त्रिकोण ओढून फेकला. दुसऱ्या दिवशी नुसता त्रिकोण माझ्या हातात दिसला तरी दोघं रडवेली.

एका वाईट बातमीबरोबरच ओळख झालेलं कार्ड वाईट बातमीच होऊन बसतं. त्यामुळे ते काही दिवस बाजूला ठेवलं आणि नव्याने शिकवलं. टेबलकामाच्या जागी साबणाचे फुगे. गोष्टीच्या जागी गाणी. म्हणजे ठीकठाक गोष्ट जाऊन बरी गोष्ट येते तेव्हा त्रिकोण. मग तेवढ्याच तोलाची अदलाबदल. आणि त्यानंतरच, कधीतरी, आवडती गोष्ट जाण्याची.

लावण्याची पद्धतही ठरली. मुलांच्या डोळ्यांदेखत, दिवसाच्या सुरुवातीला, जुन्या कार्डावर त्रिकोण आणि त्याच्याच शेजारी नवं कार्ड. जुनं कार्ड गुपचूप काढून टाकलं तर ती ते शोधत राहतात.

२ सप्टेंबर

पुन्हा पाऊस, पुन्हा त्रिकोण. एक मुलगी रडली. बाकीच्यांनी ‘बदल’ म्हणून ओरडून घेतलं आणि आत खेळले. पण पाऊस ऐन मैदानाच्या वेळी सुरू झाला असता तर एवढं सोपं गेलं नसतं; मुलं दाराशी बूट घालून उभी असताना लावलेला त्रिकोण अजूनही फारसा कामाचा नाही.

५ सप्टेंबर

‘आवरा’ धरून सकाळची कार्डं आता सहा. वर्गातल्या सगळ्यात लहान मुलाला एवढा तक्ता जड जातो. तो सगळ्यात खालचं, म्हणजे मैदानाचं कार्ड पाहतो आणि थेट दाराकडे जातो. त्याआधीची पाच त्याच्यासाठी नाहीतच.

अशा मुलांसाठी जुना मार्ग आहे. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात १९७०च्या दशकात स्वमग्न मुलांसाठी ‘टीच’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला, त्यात वेळापत्रकाची लांबी मुलागणिक ठरते: कुणाला एकच वस्तू हातात, कुणाला दोन चित्रं, कुणाला अर्धा दिवस, कुणाला पूर्ण. आमचं मूल स्वमग्न आहे की नाही हे ठरवणं माझं काम नाही, आणि त्यासाठी कुणी थांबायची गरजही नाही. त्याला हाताएवढ्या पुठ्ठ्यावर दोन चौकटी करून दिल्या: ‘आधी’ आणि ‘मग’. आधी हात धुणे, मग खाऊ. काम झालं की ‘आधी’चं कार्ड पेटीत, ‘मग’चं डावीकडे सरकतं.

एक सावधगिरी. ‘मग’मध्ये दर वेळी आवडती गोष्टच लावली की ते बक्षीस वाटायला लागतं, आणि काम नीट झालं नाही म्हणून ‘मग’ काढून घ्यायचा मोह होतो. वेळापत्रकातली गोष्ट काढून घ्यायची नाही. मूल रडलं, भांडलं, तरी ‘मग’ येणारच. ते येतं यावरच त्याचा भरवसा बसायचा असतो.

१६ सप्टेंबर

मी दोन दिवस रजेवर होते. बदली ताईंनी तक्ता चालवला, पण सकाळी कार्डं लावायची राहिली आणि त्या मुलांना तोंडी सांगत राहिल्या. परत आले तर ठोकळ्यांपाशी सात मिनिटं. तक्त्यामागे आता एक पान चिकटवलं आहे: सहा कार्डं सकाळी मुलं येण्याआधी लावा, घंटी एकदाच, दहा मोजा, मागून मदत करा, त्रिकोण फक्त गोलात लावा. याहून लांब पान कुणी वाचत नाही, करून पाहिलं.

२४ सप्टेंबर

ताजे आकडे. ठोकळ्यांवरून हात धुवायला साधारण तीन मिनिटं, आवराआवर धरून. ‘ठेवा’ कार्ड ठोकळेवाला आता रोज वापरत नाही. कधी उभं करतो, कधी स्वतःच मोडून निघतो. दुसऱ्या दोघांनी मात्र त्याची सवय लावून घेतली आहे आणि कार्डावरून भांडतात, त्यावर अजून उपाय नाही. चौथं कार्ड करणार नाही.

मोठी चार-पाच मुलं आता हातातलं कार्ड न घेताच तक्ता बघून जातात. त्यांना देणं थांबवलं. लहान आहेत त्यांना चालू.

टेबल खिडकीपासून हलवलं, त्यामुळे टेबलकामाचा जागेवरचा चौकोन नव्या जागी न्यावा लागला. कार्डावर खडूंचा डबा असल्याने कार्ड तसंच चाललं. गोलाचा फोटो मात्र जुन्या सतरंजीचा आहे. नवी सतरंजी हिरवी आहे आणि दोन मुलं जुनी शोधत फिरली. तो फोटो उद्या, गुडघ्यांवर बसून.